कॅमेऱ्यातली धूळ आणि चित्रातला डाग : एका दुरुस्तीचा इतिहास

ऑगस्ट २००६ मध्ये लेबनॉनमधील युद्धाचे एक छायाचित्र रॉयटर्स या वृत्तसंस्थेने प्रसिद्ध केले आणि लगेच मागे घेतले. बैरूत शहरावर उठलेल्या धुराचे ते चित्र होते. धुराचे लोट एकसारखे, पुन्हा पुन्हा तेच उमटलेले दिसत होते. चित्राच्या एका भागाची नक्कल दुसऱ्या भागावर उमटवून धूर वाढवण्यात आला होता. छायाचित्रकार अदनान हाज यांनी हेतुपुरस्सर फेरफार केल्याचे नाकारले. आपण फक्त धुळीचे डाग काढत होतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या दुसऱ्याही एका चित्रात फेरफार आढळल्यावर रॉयटर्सने त्यांची सर्व ९२० छायाचित्रे विक्रीतून काढून घेतली.

धुळीचे डाग काढण्याची सबब कोणाला द्यावीशी वाटावी, याचे कारण ते काम खरोखरच रोजचे आणि निरुपद्रवी मानले जाते. मग धुळीचा डाग कोणता आणि चित्राचा मजकूर कोणता, हे ओळखायचे कसे? या प्रश्नाचे उत्तर प्रकाशाच्या साध्या भूमितीत आहे. डाग पुसण्याच्या हत्यारांचा इतिहासही त्या भूमितीशी जोडलेला आहे.

फिल्मवरची धूळ आणि संवेदकावरची धूळ

धूळ ही छायाचित्रणाइतकीच जुनी अडचण आहे. काचेच्या प्लेटवर चित्र घेताना तिच्यावर धुळीचा कण असेल, तर त्या जागी प्रकाश पोहोचत नाही. निगेटिव्हवर तिथे पारदर्शक ठिपका राहतो आणि छापलेल्या चित्रात काळा डाग येतो. याउलट चित्र छापताना निगेटिव्हवर धूळ बसली, तर कागदावर पांढरा ठिपका उमटतो. स्टुडिओतले रिटचिंग करणारे कारागीर बारीक टोकाचा कुंचला आणि पातळ रंग घेऊन असे पांढरे ठिपके एकेक करून भरत. शेजारच्या छटेशी मिळेपर्यंत रंग थोडाथोडा चढवायचा, ही त्यांची रीत होती.

फिल्मच्या बाबतीत एक सोय मात्र होती. प्रत्येक चित्रासाठी फिल्मचा नवा भाग पुढे येत असे, त्यामुळे एका चित्रावरची धूळ त्या चित्राबरोबर निघून जाई. भिंगे बदलता येणारे डिजिटल कॅमेरे १९९९-२००० च्या सुमारास बाजारात स्थिरावू लागले, आणि ही सोय संपली. डिजिटल कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारा संवेदक एकच असतो व तो जागचा हलत नाही. भिंग बदलताना आत शिरलेला कण त्याच्या पुढच्या काचेवर बसला, की त्यानंतरच्या शेकडो चित्रांत तो त्याच जागी डाग पाडत राहतो. कारागिराला पूर्वी शंभर चित्रांत शंभर वेगवेगळे डाग भरावे लागत. आता शंभर चित्रांत तोच डाग शंभरदा भरण्याची वेळ आली. पण डाग एकाच जागी असतो, म्हणूनच एकदा केलेली दुरुस्ती बाकीच्या चित्रांवर उतरवता येईल, ही कल्पनाही त्यातूनच सुचली.

धूळ मुळात बसूच नये यासाठी ऑलिंपस कंपनीने २००३ सालच्या ई-१ या कॅमेऱ्यात संवेदकापुढील काच अतिशय वेगाने थरथरवून कण झटकण्याची सोय केली. पुढे इतर कंपन्यांनीही तसे केले. सुटी धूळ त्याने बरीच पडते, पण चिकटलेले कण राहतात.

डाग कधी दिसतो, कधी दिसत नाही

पुष्कळांना हा अनुभव येतो, की घरात काढलेली चित्रे स्वच्छ येतात आणि डोंगरावर काढलेल्या चित्रांत आकाशभर करडे ठिपके दिसतात. कॅमेरा तोच, धूळही तीच. फरक भिंगाच्या छिद्रात असतो.

धूळ प्रत्यक्ष संवेदकाच्या पेशींवर बसत नाही. पेशींच्या पुढे गाळणीच्या काचा असतात. त्यांच्या बाहेरच्या पृष्ठभागावर, म्हणजे पेशींपासून सुमारे एक-दोन मिलिमीटर अंतरावर ती बसते. आपण हिशेबासाठी हे अंतर १ मिलिमीटर धरू. आता संवेदकाच्या एका पेशीच्या जागी आपला डोळा आहे अशी कल्पना करा. त्या डोळ्याला समोर भिंगाचे गोल, उजळ छिद्र खिडकीसारखे दिसते. खिडकीतून येणारा प्रकाश शंकूच्या आकारात पेशीवर एकवटतो. एफ/४ असे छिद्र असेल, तर पेशीपासून १ मिलिमीटरवर या शंकूची रुंदी १ भागिले ४, म्हणजे ०.२५ मिलिमीटर असते. एफ/१६ ला ती १ भागिले १६, म्हणजे सुमारे ०.०६ मिलिमीटर होते.

समजा, त्या जागी ०.०४ मिलिमीटर रुंदीचा धुळीचा कण आहे. एफ/४ ला तो खिडकीचा किती भाग झाकतो? क्षेत्रफळ रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ०.०४ ला ०.२५ ने भागून वर्ग केला, की सुमारे अडीच टक्के येतात. अडीच टक्क्यांचा अंधार डोळ्याला जवळजवळ जाणवत नाही. शिवाय तो रुंद जागेत पसरलेला असतो. एफ/१६ ला हाच कण खिडकीचा सुमारे ४१ टक्के भाग झाकतो. स्वच्छ आकाशावर असा डाग लगेच नजरेत भरतो.

डागाचा आकारही यातून निघतो. शंकूची रुंदी आणि कणाची रुंदी यांची बेरीज म्हणजे सावलीची रुंदी. एफ/१६ ला ती सुमारे ०.१ मिलिमीटर येते. ३६ मिलिमीटर रुंदीच्या संवेदकावर ६००० पेशी ओळीने असतील, तर एक पेशी ०.००६ मिलिमीटरची आणि डाग सुमारे १७ पेशी रुंद होतो. एफ/४ ला तो ४८ पेशी रुंद होतो, पण अगदी फिका. म्हणजे छिद्र लहान केले की डाग आकाराने आक्रसतो आणि रंगाने गडद होतो. चित्रातल्या खऱ्या वस्तूचे असे होत नाही. हीच धुळीची पहिली ओळख.

विद्यार्थ्यांना एक कोडे घालता येईल. चित्रात डाग वर उजवीकडे दिसतो. भिंग काढून समोरून संवेदकाकडे पाहिले, तर कण कोठे सापडेल? संवेदकावर प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे वरचा डाग खाली जातो. डावे-उजवेही उलटते, पण आपण समोरून पाहत असल्याने ते पुन्हा सरळ होते. म्हणून कण खाली उजवीकडे असतो.

खगोलशास्त्रज्ञांचा भागाकार

ही अडचण छायाचित्रकारांच्या आधी खगोलशास्त्रज्ञांपुढे आली. सीसीडी या संवेदकाची कल्पना विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली बेल प्रयोगशाळेत मांडली आणि सत्तरच्या दशकातच असे संवेदक दुर्बिणींवर बसू लागले. तेथेही काचेवरच्या धुळीच्या सावल्या वर्तुळांसारख्या, कित्येकदा मध्ये उजळ भोक असलेल्या कड्यांसारख्या दिसत. आरशांच्या दुर्बिणीत दुय्यम आरसा मध्यभागचा प्रकाश अडवतो, म्हणजे खिडकीच मुळात कड्यासारखी असते. सावली तिचाच आकार घेते.

तारे मोजणाऱ्याला डाग रंगवून झाकता येत नाही. डागाखाली एखादा तारा असेल, तर त्याचे तेज त्याला हवे असते. म्हणून त्यांनी भागाकाराची रीत वापरली. संधिप्रकाशातील आकाशासारख्या सर्वत्र सारख्या उजेडाचे एक चित्र घ्यायचे. त्यात धुळीच्या सावल्या सोडून दुसरे काहीच नसते. समजा, या कोऱ्या चित्रात सगळीकडे २०० हा आकडा आहे आणि डागाच्या जागी ११८. म्हणजे तेथे ५९ टक्के प्रकाशच पोहोचतो. आता ताऱ्यांच्या चित्रात त्याच जागी ५९ आकडा मिळाला, तर त्याला ०.५९ ने भागायचे. उत्तर १०० येते, आणि तेच खरे तेज.

ही दुरुस्ती मोजमापावर उभी आहे, तिच्यात अंदाज नाही. पण तिच्या अटी कडक आहेत. छिद्र तेच हवे, भिंग तेच हवे आणि मधल्या काळात कण हललेला नसावा. संवेदकाने दिलेले मूळ आकडेही हवेत, कारण तयार जेपीजी चित्रात ते आधीच बदललेले असतात. सहलीत माणूस घडीघडी छिद्र आणि भिंग बदलतो, प्रत्येक वेळी कोरे चित्र घेणे त्याला जमत नाही. म्हणून छायाचित्रकारांची वाट वेगळी झाली. डागाखाली काय होते ते सोडून द्यायचे आणि शेजारच्यावरून ती जागा भरायची.

ठशापासून उपचारापर्यंत

फोटोशॉप या आज्ञावलीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत यासाठी रबरी ठशाचे हत्यार होते. पुढे त्यालाच क्लोन स्टॅम्प म्हणू लागले. एका जागेचा तुकडा उचलायचा आणि डागावर जसाच्या तसा उमटवायचा. आकाशाचा रंग सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे ठिगळाची कड उघडी पडते.

२००२ साली आलेल्या फोटोशॉप ७ मध्ये हीलिंग ब्रश नावाचे हत्यार आले. जखम भरून यावी तसा हा कुंचला डाग भरतो. त्यामागील गणितावर अॅडोबी कंपनीतील तोदोर गेओर्गिएव्ह यांनी पुढे लिहिले. त्याच सुमारास, २००३ मध्ये, पॅट्रिक पेरेझ, मिशेल गांजे आणि अँड्र्यू ब्लेक या संशोधकांनी पॉइसाँच्या समीकरणावर आधारलेली तशीच रीत प्रसिद्ध केली. मूळ कल्पना शाळेतल्या गणिताने समजू शकते.

आकाशाची एक आडवी ओळ घ्या. डागाच्या डाव्या काठाला तेज १०० आहे, उजव्या काठाला १२४, आणि मधल्या पाच पेशी डागाने बिघडल्या आहेत. शेजारून उसना घेतलेला तुकडा असा आहे : ८०, ८४, ८५, ९०, ९१, ९६, ९८. पहिला आणि शेवटचा आकडा त्याच्या काठांचा. हे आकडे सरळ न वाढता किंचित वरखाली होत वाढतात. तोच आकाशाचा बारीक रवाळपणा.

ठसा उमटवला तर मधल्या पाच जागी ८४, ८५, ९०, ९१, ९६ येतात. डाव्या काठावर १०० वरून एकदम ८४, उजव्या काठावर ९६ वरून एकदम १२४. ठिगळ उघड दिसणार.

हीलिंग ब्रश आधी काठांवरचा फरक पाहतो. डावीकडे १०० उणे ८०, म्हणजे २०. उजवीकडे १२४ उणे ९८, म्हणजे २६. मग हा फरक आतल्या जागेत संथपणे पसरवतो : २१, २२, २३, २४, २५. हे आकडे उसन्या तुकड्यात मिळवले, की १०५, १०७, ११३, ११५, १२१ मिळतात. १०० पासून १२४ पर्यंत ओळ न अडखळता चढते आणि उसन्या तुकड्याचा रवाळपणाही टिकतो. छटा डागाच्या काठाकडून घ्यायची, पोत शेजाऱ्याकडून घ्यायचा, हे या युक्तीचे सार आहे.

खऱ्या चित्रात ओळीऐवजी वर्तुळ असते. तेव्हा आतील प्रत्येक पेशीसाठीचा फरक तिच्या चार शेजाऱ्यांच्या सरासरीइतका यावा अशी अट घालतात. धातूच्या पत्र्याच्या कडा ठरावीक तापमानांवर धरून ठेवल्या, तर पत्र्याच्या आतले तापमान अखेर असेच स्थिरावते. हे लाप्लासचे समीकरण. उष्णतेसाठी वापरले जाणारे गणित येथे आकाशाचा डाग भरण्याच्या कामी येते.

ही युक्ती कोठे फसेल, तेही या उदाहरणावरून दिसते. वर्तुळ फार लहान आखले आणि त्याचा काठच सावलीत राहिला, तर डावीकडे १०० ऐवजी ९० आकडा मिळेल. फरक २० ऐवजी १० धरला जाईल आणि त्या बाजूने आत काळसर झाक पसरेल. डाग निघाला पण जागा मळकट राहिली, असे दिसले की वर्तुळ मोठे करावे. दुसरी फसगत कडेवरची. डागाच्या एका बाजूला आकाश आणि दुसऱ्या बाजूला किल्ल्याची काळी भिंत असेल, तर भिंतीचा काळेपणा आकाशात झिरपतो. अशा जागी साधा ठसाच बरा.

एक दुरुस्ती, साठ चित्रे

फेब्रुवारी २००७ मध्ये आलेल्या लाइटरूम या आज्ञावलीने मूळ चित्राला हात न लावता दुरुस्तीची फक्त नोंद ठेवण्याची रीत रूढ केली. डागाची जागा कोणती, वर्तुळ केवढे, तुकडा कोठून घ्यायचा, एवढीच ती नोंद. नोंद असल्याने ती दुसऱ्या चित्रांना लावता येते. याच्या आदल्या वर्षी कॅननच्या ४००डी कॅमेऱ्यात अशीच दुसरी सोय आली होती. पांढऱ्या कागदाचे चित्र घेऊन कॅमेरा धुळीच्या जागा टिपून ठेवतो, पुढच्या चित्रांबरोबर ती माहिती जोडतो आणि संगणकावर डाग त्या जागी भरले जातात.

समजा, किल्ल्यावर एकाच दिवशी साठ चित्रे काढली आहेत. कामाचा क्रम असा ठेवावा. आधी एफ/१६ किंवा एफ/२२ ला, भिंग मुद्दाम अस्पष्ट ठेवून, कोऱ्या आकाशाचे किंवा पांढऱ्या भिंतीचे एक चित्र घ्यावे. संगणकावर त्याचा उठाव खूप वाढवला, की सर्व डाग स्पष्ट दिसतात. हा आपला नकाशा. मग साठ चित्रांतून भिंग आणि छिद्र यांनुसार गट करावेत. प्रत्येक गटातील जास्तीत जास्त मोकळे आकाश असलेले चित्र घेऊन त्यात नकाशातला प्रत्येक डाग भरावा. वर्तुळ सावलीपेक्षा थोडे मोठे, म्हणजे १७ पेशींच्या डागाला सुमारे २५ पेशींचे ठेवावे. ती नोंद गटातल्या बाकी चित्रांना लावावी. शेवटी प्रत्येक चित्र पूर्ण आकारात पाहावे. ही शेवटची पायरी टाळता येत नाही.

भिंगानुसार गट का, याचे कारण पुन्हा भूमितीत आहे. संवेदकाच्या मध्यावर प्रकाश सरळ येतो, कडेला तिरका. तिरक्या प्रकाशात कणाची सावली बाजूला सरकते. मध्यापासून १८ मिलिमीटरवर कण आहे आणि प्रकाशाची खिडकी संवेदकापासून ६० मिलिमीटरवर आहे असे धरा. सावली १ मिलिमीटरच्या १८ साठांश, म्हणजे ०.३ मिलिमीटर किंवा ५० पेशी सरकते. दुसऱ्या भिंगाची खिडकी १२० मिलिमीटरवर असेल, तर ती २५ पेशीच सरकेल. म्हणजे एका भिंगाच्या चित्रावर नेमकी बसलेली दुरुस्ती दुसऱ्या भिंगाच्या चित्रात २५ पेशींनी चुकेल. डाग १७ पेशींचा, म्हणून तो शाबूत राहील आणि त्याच्या शेजारची चांगली जागा उगाच भरली जाईल. चित्राच्या मध्यावरचे डाग मात्र बरोबर निघतील. मध्ये स्वच्छ आणि कडेला डाग, असे दिसले तर भिंगांचे गट मिसळले आहेत असे समजावे.

दुसरा धोका उसन्या तुकड्याचा. पहिल्या चित्रात ज्या जागेवरून आकाश उसने घेतले, तेथे पंचविसाव्या चित्रात घार असू शकते. नोंद तशीच लावली तर एका घारीच्या दोन घारी होतात. आणि डागाच्या जागीच घार असेल तर ती नाहीशी होते. पक्ष्यांची मोजणी करणाऱ्याच्या हाती असे चित्र पडले, तर ती चूक चित्रावरून कोणालाही कळणार नाही.

डाग की मजकूर?

आता बैरूतच्या चित्राकडे पाहू. धुळीच्या डागाला तीन कसोट्या लावता येतात. तो आगेमागे त्याच भिंगाने आणि छिद्राने घेतलेल्या चित्रांत त्याच जागी असतो. छिद्र मोठे केले की तो पसरून फिका होतो. आणि त्याची रुंदी कणाची व शंकूची रुंदी मिळून ठरते. तंतू असेल तर तो वळलेल्या रेषेसारखा दिसतो, पण त्याचीही जाडी अशीच मर्यादित राहते. या हिशेबाने नेहमीचा डाग पुसायला काही दशके पेशींचा कुंचला पुरतो. आकाशाचा मोठा भाग व्यापणारे धुराचे लोट त्या मापात बसत नाहीत.

रॉयटर्सच्या नियमांतही पुढे हाच धागा दिसतो. क्लोन आणि हीलिंगची हत्यारे वार्ताचित्रांना वापरायची नाहीत, अपवाद फक्त संवेदकावरच्या धुळीचा, आणि त्यासाठीही ठशाची त्रिज्या १०० पेशींच्या आत हवी, अशी मर्यादा त्यांनी घातली.

शाळेतल्या कामालाही यातून एक साधा नियम घेता येईल. चित्र भिंतीवर लावायचे असेल, तर डाग भरून टाकावेत. चित्रावरून काही मोजायचे असेल, मग ते सूर्यावरचे डाग असोत, तारे असोत की उडणारे पक्षी, तर भागाकाराची रीत वापरावी किंवा धुळीच्या जागा नकाशावर खुणावून मोजणीतून वगळाव्यात. दोन्ही कामांत मूळ चित्र आणि त्या दिवशीचे कोऱ्या आकाशाचे चित्र जपून ठेवावे. सूर्याच्या चित्रातला एखादा ठिपका सूर्यावरचा की काचेवरचा, हा वाद पुढे निघालाच, तर तो या दोन चित्रांवरूनच मिटवता येतो.